डीएपी नको म्हणणारा फोटो मोठा करून वाचला

"सोयाबीनला बाटलीनं एकरी ९ क्विंटल, बाटलीशिवाय ६. शेतात प्रयोग करून सिद्ध! आता डीएपीची गरज नाही. खाली फोटो बघा अन् पुढं पाठवा."

पिकावर फवारायच्या बाटलीचं हे फॉरवर्ड चार ग्रुपांवर आलं तेव्हा मी सोडून दिलं. पण काल औशाकडच्या दाजींनी पाठवलं आणि खाली विचारलं, "अवंदा डीएपी आणू का नको?" मृग तोंडावर आलाय, त्यामुळं आता गप्प बसणं जमत नाही.

फोटो बांधावर लावलेल्या फलकाचा आहे. तो बोटांनी मोठा करून खालची बारीक ओळ वाचा: "दोन्ही प्लॉटला पेरणीसोबत १ गोणी डीएपी." झालं की! डीएपी दोन्हीकडं होतं. डीएपी न देता काय होतं, हे या माणसानं तपासलेलंच नाही. मग "गरज नाही" कुठून आलं? एवढं मान्य, की सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, म्हणून युरिया कमी लागतो. पण स्फुरद हवेतून येत नाही. ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतं, आणि फलकावरच्या त्या ९ क्विंटलमागं तेही आहे. फॉरवर्ड वाचून कुणी गोणी टाळली, तर नुकसान त्याचं. बाटलीवाल्याचं काय जातंय?

आता ९ आणि ६. काटा खरा असेल तर आकडे खरे, त्यावर माझं भांडण नाही. पण फलकावर अजून काय लिहिलंय? बाटलीचा प्लॉट १६ जूनला, रुंद वरंबा सरीवर पेरला, विहिरीच्या अंगाला. दुसरा २ जुलैला, साध्या पेरणीनं, माळाच्या बाजूला. म्हणजे पेरणी दोन आठवडे आधी, वरंब्यावर असल्यानं जास्तीचं पाणी सरीतून निघून गेलेलं, आणि रान भारी. यातली कुठलीही एक गोष्ट उतारा वाढवू शकते. या सगळ्या आणि बाटली एकाच प्लॉटात गेल्यावर तीन क्विंटलातलं कुणाचं किती, हे आता कुणालाच वेगळं करता येणार नाही, कृषी विद्यापीठालाही नाही. रुंद वरंबा सरीची शिफारस तर आपल्याकडं वर्षानुवर्षं होतेय. श्रेय मात्र बाटलीला!

"रान एकच आहे, एवढा फरक कसा पडेल?" असं दाजी म्हणाले. १९१० साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रात एक एकर गहू ५०० सारख्या तुकड्यांत कापून तुकडा-तुकडा वेगळा तोलला होता. बी एक, खत एक, मशागत एक. तरी सर्वांत कमी तुकडा २.७३ पौंड भरला आणि सर्वांत जास्त ५.१६. काहीही वेगळं न करता जवळपास दुप्पट! तुकडे लहान होते म्हणून फरक जास्त दिसला, मोठ्या प्लॉटात तो कमी होतो. पण इथं विहिरीकडचं रान एक आणि माळाकडचं एक, असा एक-एकच प्लॉट आहे. त्यावरून काय ठरवणार?

शेंगांचं तर सांगूच नका. "१० झाडांची सरासरी: ६२ विरुद्ध ३८." ४५ बाय ५ सेंटीमीटरवर पेरलं तर एकरात सुमारे १ लाख ८० हजार झाडं बसतात. त्यातली दहा कुणी उपटली? फलकावरच लिहिलंय, "प्रतिनिधी व शेतकरी यांनी." कुठलं झाड बाटलीचं, हे उपटणाऱ्याला माहीत होतं. मुद्दाम खोटं करावं लागत नाही. हात आपसूकच बाटलीकडच्या लगडलेल्या झाडाकडं जातो आणि दुसरीकडं जे समोर येईल ते उपटतो. अर्धवट भरलेली शेंग इकडं मोजली जाते, तिकडं सोडून दिली जाते. आणि आपला प्रयोग कुठला, हे माहीत असलेला माणूस त्या प्लॉटात खुरपणीलाही दोन दिवस आधी जातो. वजनाच्या आकड्याला उपटणाऱ्याच्या नजरेची बाधा कमी, पण या खुरपणीची आहेच. शेंगांचा आकडा मी धरतच नाही.

मग उरतं काय? त्या हंगामात, त्या शेतात, विहिरीकडच्या प्लॉटाला जास्त माल झाला, एवढंच. लवकर पेरणी आणि वरंबा-सरी चांगली असेल, असं वाटायला जागा आहे, पण तेही या फलकावरून नाही. बाटलीबद्दल होकार नाही, नकारही नाही.

दाजींना म्हटलं, डीएपी आणा. बाटलीची हौसच असेल तर एकाच रानात, एकाच दिवशी पेरलेले आठ पट्टे पाडा, चिठ्ठ्या टाकून चार निवडा. त्या चारांत बाटली, उरलेल्या चारांत त्याच पंपानं नुसतं पाणी. कुठला पट्टा कशाचा, ते वहीत लिहून वही ताईकडं द्या. पंप भरून देणं ताईकडं, फवारणारा गडी वेगळा. काढणीला प्रत्येक पट्ट्याचा माल वेगळा मळून, सारखा वाळवून तोला, आणि आठही वजनं लिहून झाल्यावरच वही उघडा. दाजी म्हणाले, "एवढं कोण करतंय?"

तोच तर प्रश्न फलकवाल्याला विचारायचा होता.