साप चावला तर दोरी नको, फळी बांधा

"साप चावला की लगेच वर दोरीने घट्ट आवळा. ब्लेडने चीर देऊन काळं रक्त पिळून काढा. साप मारून सोबत न्या, साप ओळखल्याशिवाय डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत. दाताच्या खुणा नसतील, सूज नसेल तर साप बिनविषारी, निवांत झोपा. हा मेसेज पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल."

मंडळी, पाऊस सुरू झालाय, भातलावणी चालू आहे, आणि या मेसेजमधली शेवटची गोष्ट सगळ्यात घातक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मण्यार हा साप रात्री फिरतो. तो जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात बारीक असतात, त्यामुळे डास चावल्याइतकंही दुखत नाही. खूण शोधून सापडत नाही आणि सूज तर येतच नाही. समजा, एक बाई रात्री दोन वाजता पोट दुखतंय म्हणून उठली. घरच्यांना वाटलं, जेवण बाधलं असेल. ओवा दिला, पुन्हा झोपवलं. चार वाजता ती म्हणते, घशात काहीतरी अडकलंय, थुंकी गिळवत नाही. पाच वाजता तिच्या पापण्या अर्ध्यावर आल्या. लोकांना वाटतं झोप येतेय. ती झोप नाही, विषाने स्नायूंना मिळणारा निरोप तोडायला सुरुवात केली आहे. आधी पापण्या आणि घसा, मग मान, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू.

हे घरीच ओळखता येतं. तिला डोकं न हलवता छताकडे बघायला सांगा आणि मिनिटभर तसंच बघत राहू द्या. पापण्या खाली घसरायला लागल्या तर शंका धरा. एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला सांगा. मघाशी वीसपर्यंत जाणारी बाई आता दहावर थांबत असेल, तर श्वासाची ताकद कमी होत चालली आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे कारण नसताना पोटदुखी आणि जड पापण्या असं दोन्ही झालं, तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठायचा. सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. असा रोगी हलत नाही, डोळे उघडत नाही, पण त्याला सगळं ऐकू येत असतं. तो गेला असं समजून रडारड सुरू करू नका. व्हेंटिलेटरवर काही दिवस श्वास दिला तर असे रोगी उठून घरी जातात. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूच्या टोकांना एकदा इजा केली की नंतर दिलेलं इंजेक्शन ती भरून काढू शकत नाही. शरीरच ती हळूहळू भरून काढतं, तोवर श्वास चालू ठेवावा लागतो. लवकर या म्हणतो ते यासाठी.

आता दोरी. दोरी इतकी घट्ट आवळली की रक्त थांबावं, तर हात किंवा पाय काळानिळा पडतो, कधी कापावाही लागतो. सैल बांधली तर विष थांबत नाही, उलट सूज वाढते. त्यात घोणस चावली असेल तर तिचं विष चावल्या जागचं मांसच खराब करतं. दोरीने ते तिथेच कोंडलं जातं आणि नुकसान वाढतं. दोरी अचानक सोडली तर साचलेलं विष एका दमात अंगभर पसरू शकतं. म्हणून कुणी आधीच बांधून बराच वेळ झाला असेल, तर वाटेत सोडू नका. दवाखान्यात पहिलं वाक्य तेच सांगा, आम्ही तयारी ठेवून ती हळूच सोडू.

बांधायचंच असेल तर फळी बांधा. हाड मोडल्यावर बांधतो तशी, लाकडाची पट्टी किंवा घडी घातलेलं जाड वर्तमानपत्र लावून, वर ओढणी गुंडाळून. ओढणीखाली बोट सहज गेलं पाहिजे. स्नायू हलले की विष पुढे ढकललं जातं, म्हणून तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही. माणसाला चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज आल्यावर ती निघत नाहीत आणि बोट आवळतात. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा. गाडी पोचणार नसेल अशा वाडीवर मोटारसायकल चालते: रोगी मधे, मागे धरून बसलेला एक जण.

चीर देण्याबद्दल थोडक्यात. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठायचंच थांबतं. अशा माणसाला ब्लेड लावलं तर ती जखम वाहतच राहते. विष बाहेर येत नाही, रक्त मात्र जातं.

साप मारून आणायची गरज नाही. आपल्याकडे दिलं जाणारं सर्पविषाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे. साप शोधताना दुसऱ्याला चावतो आणि अर्धा तास जातो तो वेगळाच. आम्ही साप बघून नाही, लक्षणं बघून ठरवतो. रक्तासाठी एक साधी तपासणी असते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात आहे. नळी साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही, म्हणून नवीच वापरतात. पहिली तपासणी चांगली आली तरी ती पुन्हा पुन्हा करतात आणि २४ तास ठेवून घेतात. "काही झालं नाही तर सोडा की" असा आग्रह धरू नका. या इंजेक्शनला मर्यादाही आहे: सह्याद्रीतल्या चापड्याच्या विषावर ते चालत नाही, तिथे इतर उपचार करतात.

विषाची लक्षणं दिसली की साधारण १० बाटल्यांपासून सुरुवात होते, सलाईनमधून. लहान मुलालाही तेवढाच डोस, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, म्हणून काहींना खाज, गांधी, धाप येते. त्यासाठी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन शेजारी भरून ठेवलेलं असतं. त्या भीतीने औषध नाकारू नका.

"पण आमच्याकडे मांत्रिकाकडे गेलेले बरे होतात," असं इथे कुणीतरी विचारणारच. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. ती माणसं कुठेही गेली असती तरी बरी झाली असती. विष गेलेलं आहे की नाही हे मात्र बाहेरून पहिल्या तासात कळत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर एवढं सांगा: किती वाजता चावलं, कुठे चावलं, त्यानंतर काय काय झालं, शेवटची लघवी कधी झाली आणि तिचा रंग कसा होता. सुजेच्या कडेला वाटेतच पेनने रेघ मारून वेळ लिहून ठेवली असेल, तर सूज किती वेगाने चढतेय ते आम्हाला लगेच दिसतं.