सुवर्णसंधी नालीत पडली राजेहो

आज बाजारात डोकं फिरलं. भाच्यानं दहावीच्या गणिताचा क्लास काढला, हजार पॉम्प्लेट छापून आणले, मी म्हटलं चल वाटू लागतो. अन् तासाभरानं पाहतो तर अर्धे नालीत, उरलेल्यावर भजेवाला भजे देऊन राहिला!

मी स्वतः बारा वर्षं डीटीपी केलं, म्हणून बोलतो. बाजारातल्या माणसाच्या एका हातात थैली असते. दुसऱ्या हातानं तो कागद खालच्या कोपऱ्यात धरतो, दोन-तीन पावलं वरचा भाग पाहतो अन् सोडतो. आमच्या कागदावर वर काय, तर सरस्वती, श्लोक, दोनदा "सुवर्णसंधी" अन् भाच्याचा कोटातला फोटो. गणित सातव्या ओळीत, तेही लाल पट्टीवर निळ्या अक्षरात. फोन नंबर खाली उजव्या कोपऱ्यात, म्हणजे बरोबर अंगठ्याखाली! त्यात कागद चकचकीत, उन्हात नुसता चमकते, वाचणार कोण?

एकच माणूस थांबला. खांद्यावर गोणी, कागद उलटापालटा केला अन् म्हणे, "हे सारं राहू द्या भाऊ, क्लास सुटल्यावर पोरीले गावची गाडी भेटन का?" भाचा म्हणे हो, पाचला सुटते, गाडी साडेपाचची. त्यानं कागद घडी करून खिशात टाकला. एवढ्या गर्दीत कागद खिशात गेलेला मी तो एकच पाहिला, अन् ज्या गोष्टीसाठी गेला ती कागदावर कुठंच नव्हती.

सरस्वती असली की लोक लवकर फेकत नाहीत म्हणतात. असंल. मग पायाखाली आली ते चाललं का?

संध्याकाळी घरी बसून नवीन केलं. ए-फोरचा अर्धा कागद, साधा पिवळा, त्यावर काळी शाई. वर अंगठ्याएवढ्या अक्षरात "दहावी गणित", त्याखाली "५ ला सुट्टी, साडेपाचची एसटी भेटते", मग "स्टँडमागे, पीठगिरणीच्या वर". नंबर मधोमध, पाच-पाच आकडे तोडून. बाकी फी, बॅच, भाच्याचं शिक्षण सारं मागच्या बाजूला, कारण ज्यानं कागद उलटवला तो थांबलेलाच असते.

शेजारच्या काकूच्या हातात दिला, तीन मोजले अन् काढून घेतला. काय वाचलं विचारलं तर म्हणे, "दहावीचा क्लास, पिठाच्या चक्कीजवळ." गाडी सुटली होती. मग एसटीची ओळ जाड केली, गिरणीची बारीक, अन् दुसऱ्या काकूले दिला. तिनं पहिले गाडीच सांगितली. तो गोणीवाला बाप तरी दुसरं काय विचारत होता?

डीटीपीवाल्या पोराले सकाळी लय बोललो. आता वाटते, त्याचा काय दोष, गिऱ्हाईकच म्हणते ना, पैसे दिले तर जागा रिकामी काऊन सोडली? मीही बारा वर्षं भरतच होतो.

भाचा मात्र रुसला आहे, फोटो गेला म्हणून. मागं टाकला बाप्पा, तिकिटाएवढा.