उर्फ म्हणजे भेसळ नव्हे

‘शरियत चौदाशे वर्षांपूर्वी गोठली ती गोठलीच. मोरोक्कोपासून मालेगावपर्यंत निकाल अक्षरशः एकच. स्थानिक रूढीला त्यात शून्य किंमत. जिथे रूढी चालते तिथे ती शरियत नसते, भेसळ असते.’ असा एक दावा केला जातो.

आधी शब्दाचं बघू. सातबाऱ्यावर ‘बाळासाहेब उर्फ रामचंद्र’ असं लिहिलेलं असतं, त्यातला ‘उर्फ’ मूळचा अरबीच. लोकांत जे माहीत आहे, रुळलं आहे ते. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, हाच शब्द रूढीसाठी येतो आणि तो मागच्या दाराने येत नाही.

‘गोठली’ या मुद्द्याला मेहरचं, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचं, एकच भांडण पुरे आहे. लग्न झालं, संसार सुरू झाला आणि मग बायको म्हणते, ‘मेहर मिळालाच नाही.’ नवरा म्हणतो, ‘दिला.’ साक्षीदार कोणाकडेच नाही. मूळ नियम साधा: दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी. ‘दिला’ हा दावा नवऱ्याचा, म्हणजे पुरावा त्यानेच आणायला हवा. पण ज्यांच्या नावाने मालिकी पंथ चालतो त्या मदीनेच्या इमाम मालिक यांचं मत उलट नोंदलेलं आहे: अशा वेळी नवऱ्याचा शब्द मानावा.

हे कसं? नवव्या शतकातले बगदादचे मालिकी काझी इस्माईल यांनी कारण सांगितलं. मदीनेत रिवाज असा होता की पूर्ण मेहर हाती पडल्याशिवाय बायको नांदायला जातच नसे. ती नांदते आहे, याचाच अर्थ पैसे पोचले. म्हणजे तिथे रूढीच नवऱ्याची साक्षीदार होती. आता रिवाज तसा उरलेला नाही, तेव्हा बायकोने शपथ घ्यावी आणि तिचा शब्द मानावा, असं ते म्हणाले. त्यांच्याच पंथाच्या इमामाचा निकाल उलटला, आणि तोही इमामाला चूक न ठरवता. पुराव्याचा नियम होता तिथेच राहिला; रूढी बदलली म्हणून पुराव्याचं ओझं एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं.

तेराव्या शतकात कैरोचे मालिकी विद्वान कराफी यांनी याचीच शिस्त केली. परगावचा माणूस फतवा विचारायला आला तर मुफ्तीने आपल्या गावच्या रूढीवरून उत्तर देऊ नये. त्याच्या गावी काय चालतं ते आधी विचारावं. रूढी बदलल्यावरही जुन्या ग्रंथातला निकाल तसाच लावत बसणं त्यांनी अज्ञान ठरवलं. पुढे ऑटोमन राज्याने १८६९ पासून ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता कलमबद्ध केली, तिचं ३६वं कलम रूढीला निवाड्याचा आधार मानतं. ४३वं सांगतं की रूढीने जे ठरलेलंच असतं ते करारात अट घातल्यासारखंच धरावं.

‘अक्षरशः एकच’ हे तर एका पंथाच्या आतही टिकत नाही. आपल्याकडे गिरणीवाल्याने दळणातलंच थोडं पीठ मजुरी म्हणून ठेवून घेणं कोणाला खटकत नाही. हनफी पंथाच्या ग्रंथांत मात्र कामातून जे निपजतं त्यातलाच हिस्सा मजुरी म्हणून ठरवणं निषिद्ध आहे, आणि नेमकं उदाहरण दळणाऱ्याचंच आहे. आता बल्ख शहरात (आजचा उत्तर अफगाणिस्तान) विणकराला सूत द्यायचं आणि विणलेल्या कापडाचा तिसरा हिस्सा त्याने मजुरी म्हणून ठेवायचा, अशी रीत होती. बल्खच्या हनफी विद्वानांनी ती मान्य केली: आमच्या गावात सगळे असंच करतात. इतर हनफींनी हरकत घेतली की एका गावची रूढी सर्वसाधारण नियमाला अपवाद करू शकत नाही. हा वाद खराखुरा होता. पण तो रूढीला किंमत आहे की नाही यावर नव्हता. एका गावच्या रूढीला किती, यावर होता.

‘भेसळ’ या शब्दात मात्र थोडं तथ्य आहे, फक्त तो चुकीच्या जागी लावला आहे. उर्फला मर्यादा आहे: कुराण-हदीसच्या स्पष्ट आदेशाला ती पुरती मोडत असेल तर ती बाद. याचं उदाहरण मुंबईचंच आहे. १८४७ साली खोजा आणि मेमन या मुस्लिम जमातींतल्या मुलींनी कुराणाप्रमाणे वडिलांच्या मिळकतीत वाटा मागितला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी मुलींना वाटा न देण्याची जमातीची रूढी ग्राह्य धरली आणि दावे फेटाळले. कुराणात मुलीचा हिस्सा स्पष्ट सांगितलेला आहे, त्यामुळे फिकहच्या कोणत्याही पंथात ही रूढी टिकली नसती. ती इंग्रजी कोर्टात टिकली. असले खटले दाखवून ‘बघा, रूढी म्हणजे भेसळ’ म्हणणारे इंग्रजांच्या न्यायालयाचं काम मुफ्तींच्या नावावर टाकतात.

शेतजमिनीचा वारसा वगळून अशा रूढी बाजूला सारायला १९३७ चा शरियत कायदा आला. पण त्याने मेहरमधली उर्फ गेली नाही. निकाहनाम्यात किती मेहर लगेच द्यायचा आणि किती मागाहून, हे लिहायचं राहून गेलं, तर हनफी ग्रंथांचं उत्तर तेच आहे: त्या भागात काय चालतं ते विचारा.