आईच्या पंचांगाला माझा नंबर कशाला हवा?

परवा संकष्टीला आईने फोन माझ्या हातात दिला. "चंद्रोदय बघ गं, हे काहीतरी विचारतंय." तिने नवं पंचांगाचं ॲप घेतलं होतं. आधी लोकेशन मागितलं, पाठोपाठ कॉन्टॅक्ट्स. आई दोन्हीला `Allow` दाबायला निघालीच होती, कारण तिला उपास सोडायची वेळ हवी होती.

लोकेशनचं मला पटलं. चंद्रोदय गावागणिक बदलतो. रत्नागिरीत आणि नागपुरात एकाच दिवशी पाव ते अर्धा तासाचा फरक पडू शकतो, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे पंचांगाला कळायला हवं. पण कितपत? अँड्रॉइड १२ पासून लोकेशनच्या खिडकीत दोन गोल चित्रं दिसतात, `Precise` आणि `Approximate`. पहिल्यात तुमची बिल्डिंग सापडते. दुसऱ्यात साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर कळतो, आणि तेवढ्या अंतराने चंद्रोदयात काही सेकंदांचाच फरक पडतो. म्हणून मी `Approximate` निवडलं आणि खाली `Only this time` दाबलं. ८ वाजून काही मिनिटांची वेळ आली, आईने मोदक वाफवायला ठेवले. ॲपमध्ये गाव हाताने निवडायची सोय असेल तर एवढंही द्यायची गरज नाही. टॅक्सी बोलावताना मात्र `Precise` लागतंच, नाहीतर ड्रायव्हर मागच्या गल्लीत उभा राहतो. तिथे `While using the app` पुरेसं आहे.

कॉन्टॅक्ट्सला मी नकार दिला. ॲप व्यवस्थित चाललं.

आई म्हणाली, "अगं, माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखं काय आहे?" मी तिची यादी उघडून तिलाच दाखवली. 'सुमन गुडघेवाले डॉक्टर', 'सोनार नवीन दुकान', 'जावई ऑफिस', 'वहिनी माहेर'. कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी काय नातं, सोनं कुठून घेतो, सगळं नावांतच लिहिलेलं. आणि यातलं एकही नाव फक्त आईचं नाही. लोकेशन दिलं तर ते आपलं आपण दिलं. कॉन्टॅक्ट्स देताना आपण दीडदोनशे माणसांच्या वतीने हो म्हणतो, आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

हे मी इतक्या कळवळून सांगते आहे, कारण मी त्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले आहे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने अडचणीत असताना झटपट कर्जाचं ॲप घेतलं होतं. हप्ता चुकला आणि मला अनोळखी नंबरवरून त्याचा फोटो आला, खाली 'हा चोर आहे'. मी जामीन नव्हते, माझा नंबर त्याने कुठल्या फॉर्मवर लिहिलेला नव्हता. मी फक्त त्याच्या फोनमध्ये होते. त्याच्या बहिणीला आला, मुलीच्या बाईंनाही आला. तो माणूस कित्येक दिवस घराबाहेर पडला नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपनी कर्जदाराची कॉन्टॅक्ट यादी, कॉल लॉग आणि फाइल्स यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन हेसुद्धा केवायसीसारख्या कामापुरतं, एकदाच आणि संमतीने. म्हणून आज एखादं कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर तिथेच थांबा. पण व्हॉट्सॲपवरच्या लिंकने उतरवलेली ॲप्स हा नियम पाळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. परवानगी नंतर काढून घेतली तर ॲपला पुढचं दिसणं बंद होतं, पण आधी त्यांच्या सर्व्हरवर गेलेली यादी परत येत नाही. अशी यादी उचलायला काही सेकंद पुरतात. लोकेशन उद्या शिळं होतं, नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. म्हणून कॉन्टॅक्ट्सला पहिल्यांदाच नाही म्हणावं. अडलंच तर नंतर देता येतं. आयफोनवर आयओएस १८ पासून निवडक नावंच देता येतात, ही सोय मला फार आवडली.

माइकचं त्या मानाने सोपं आहे. बोलून टाइप करायचं तर माइक कीबोर्डला लागतो, ज्यात लिहिता त्या ॲपला नाही. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. कॉल किंवा रेकॉर्डिंग चालू नसताना ती दिसली तर खाली ओढून ॲपचं नाव बघा.

आईचा उपास सुटल्यावर आम्ही सेटिंगमध्ये `Permission manager` शोधून कॉन्टॅक्ट्स उघडलं. परवानगी असलेली १४ ॲप्स निघाली. फोन, मेसेज, व्हॉट्सॲप ठेवलं. टॉर्च, पत्त्यांचा खेळ, फोटोला फ्रेम लावणारं, किराण्याचं, सगळी बंद केली. पैसे पाठवायच्या ॲपवर आई अडली, "मग भाजीवाल्याला पैसे कसे देऊ?" त्याला कॅमेरा लागतो, क्यूआर स्कॅन करायला. सकाळी तिने कोथिंबिरीचे वीस रुपये दिले, गेले.

आज मावशीचा फोन घेऊन बसणार आहे. तिच्या यादीतही माझा नंबर आहे.