एक नगरसेवक कमी झाला तर बहुमत जातं का?

काल रात्री कॉलेज रोडच्या टपरीवर परत तोच विषय निघाला, स्थायी समितीच्या 16 जागा पक्षांच्या संख्याबळावर कशा वाटायच्या. 2017 ची नाशिक महापालिका धरली. 122 नगरसेवक, भाजप 66, शिवसेना 35, काँग्रेस 6, राष्ट्रवादी 6, मनसे 5, अपक्ष 3, आरपीआय 1.

अण्णाने बिलाच्या मागे हिशोब मांडला. 122 भागिले 16, म्हणजे एका जागेला 7.625 नगरसेवक, हा कोटा. भाजपला 8 पूर्ण जागा, त्यात 61 वापरले, उरले 5. शिवसेनेला 4, उरले साडेचार. झाल्या 12 जागा. बाकीच्या 4 ज्याचे जास्त उरले त्याला आधी, म्हणून काँग्रेस 6, राष्ट्रवादी 6, मग मनसे 5 आणि भाजप 5. शिवसेना साडेचारावर हुकली. भाजप 9, शिवसेना 4.

दाद्या म्हणाला, "बरोबर आहे की, यात भांडायचं काय?"

मी म्हटलं थांब, आता भाजपचा एक नगरसेवक कमी झालाय असं धर, बाकी सगळं तसंच. एकूण 121, कोटा 7.5625. भाजपचे 65 मधून 8 जागांचे 60.5 गेले, उरले 4.5. शिवसेनेचे 35 मधून 30.25 गेले, उरले 4.75. शिवसेनेचा एकही माणूस वाढला नाही तरी शेवटची जागा तिकडे गेली, कारण कोटा थोडा घटला की 35 वाल्यांचे जास्त उरतात, आणि 65 वाल्यांचा कोटा घटूनही एक माणूस गेल्याने शिल्लक आटते.

आता भाजप 8 आणि बाकी सगळे मिळून 8! सभागृहात 121 पैकी 65 म्हणजे स्पष्ट बहुमत आणि समितीत निम्मे, मला हे अजिबात पटत नाही, जिथे पैशांचे प्रस्ताव मंजूर होतात तिथे बहुमत असं शेषावर जायला नको.

अण्णा म्हणाला पद्धतीचा दोष नाही, तिला फक्त वाटणी जवळात जवळ आणायची असते, बहुमत राखणं तिचं कामच नाही. ते खरंय. म्हणूनच जर्मनीत 1987 पासून संसदेच्या निवडणुकीला ही पद्धत वापरली तेव्हा कायद्यात वेगळी अट होती, निम्म्याहून जास्त मतं असतील तर निम्म्याहून जास्त जागा मिळाल्याच पाहिजेत, म्हणजे शेष वाटायच्या आधी त्या पक्षाला एक जागा द्यायची आणि मग बाकीच्यांचे बघायचे.

"म्हणजे तुझ्या अटीने भाजपला 9 वी जागा आधी, मग 6, 6, 5 वाल्यांना, आणि 4.75 वाली शिवसेना परत बाहेर?" दाद्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग 4.5 वाल्याला मिळते आणि 4.75 वाल्याला नाही, हे तू त्या पक्षाला समजावून सांग."

टपरीवाला शटर ओढेपर्यंत वाद तिथेच अडकला होता.