काखेतलं आभाळ

नाशिकमध्ये वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा माणूस सरळ उभा राहत नाही. एक हात कमरेवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर, पांढराशुभ्र शर्ट, मागे स्टुडिओचा आकाशी पडदा. हा पडदा काढून मागे गोदाघाट लावायचा, एवढंच तर काम! फोटोशॉपमध्ये Magic Wand ने पडद्यावर क्लिक केलं की निवडीच्या तुटक रेषेच्या मुंग्या माणसाभोवती फिरतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. मग घाट मागे येतो आणि भाऊंच्या काखेत स्टुडिओ तसाच राहतो.

याचं कारण Contiguous नावाची खूण. ती लावलेली असली की कांडी क्लिकच्या जागेपासून एकमेकाला लागून असलेला रंगच उचलते. कोपर, दंड आणि कंबर यांनी कोंडलेल्या त्रिकोणापर्यंत तिला वाटच नसते. स्क्रीनवर तो त्रिकोण नखाएवढा दिसतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण तो माणसाच्या उंचीचा बारावा हिस्सा असेल, तर आठ फुटी भाऊंच्या काखेत आठ इंचांचं, म्हणजे जवळपास वीतभर आभाळ लटकतं. तेही चौकात, चार दिवस.

"खूण काढून टाका ना मग," असं शेजारी बसलेले सल्लागार सांगतात. (फ्लेक्सच्या दुकानात सल्लागार फुकट मिळतात, चहा मात्र आपल्याला द्यावा लागतो.) खूण काढली की कांडी अख्ख्या फोटोतला आकाशी रंग गोळा करते. पांढऱ्या शर्टाच्या सावलीत पडद्याचाच निळा उजेड पडलेला असतो, त्यामुळे बगलेजवळचा शर्टही त्यात जातो. भाऊंच्या बरगड्यांतून रामकुंड दिसायला लागतं.

त्यामुळे काखेपुरती खूण राहू द्यावी. पडदा आधीच मास्कने, म्हणजे काळं तिथे चित्र लपवणाऱ्या आणि पांढरं तिथे दाखवणाऱ्या थराने, झाकलेला असेल, तर प्रथम लेयर पॅनेलमध्ये चित्राच्या छोट्या चौकोनावर क्लिक करावं, मास्कच्या नव्हे. हे विसरलं तर कांडी मास्कचा पांढरा रंग उचलते. तिथे माणूस आणि काख मिळून एकच पांढरा ठोकळा असतो. त्यात काळा भरला की वाढदिवसाचे भाऊच गायब, आणि शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो तेवढे खाली हसत राहतात.

Tolerance, म्हणजे कांडीला छटेतला किती फरक चालेल तो आकडा, मुळात 32 असतो. त्याने त्रिकोणाचा खालचा उजळ भाग येतो, वरचा काखेकडचा कोपरा सुटतो, कारण तिथे हाताची सावली पडून आकाशी रंग गडद झालेला असतो. आकडा 60 करायचा मोह होतो, पण मग कांडी शर्टात शिरते. त्यापेक्षा 12-15 वर आणून, Shift दाबून त्या गडद कोपऱ्यात आणखी दोन क्लिक करावेत. मग Select > Modify > Expand मध्ये 1 पिक्सेल द्यावा, नाहीतर बाहीला निळी किनार उरते. आता मास्कवर क्लिक, D दाबून रंग मूळपदावर, आणि Ctrl+Backspace ने काळा. काख मोकळी.

खरी परीक्षा खुर्ची घेते. पाठीला सहा दांड्या म्हणजे सात फटी, खाली पायांमधल्या आडव्या पट्ट्यांचे हिशेब वेगळे. प्रत्येक फटीत क्लिक करत बसणाऱ्याच्या चिकाटीचं मला कौतुक आहे, अकलेचं नाही. खुर्चीच्या पाठीभोवती आधी चौकोनी सिलेक्शन काढावं, हात आणि शर्ट बाहेर ठेवून. मग पुन्हा चित्राच्या चौकोनावर क्लिक करून Contiguous ची खूण काढावी आणि Shift व Alt दोन्ही दाबून एका फटीत क्लिक करावं. या दोन कळांनी जुन्या आणि नव्या सिलेक्शनमधला सामाईक भागच शिल्लक राहतो. चौकोनातल्या सातही फटी एकदम येतात, शर्टाला धक्का लागत नाही. पॉलिश केलेल्या लाकडावर पडद्याची चमक पडली असेल, तर दांडीचा तुकडाही येतो. तो Alt दाबून लॅसोने वजा करायचा, आणि मग काखेसारखाच मास्कवर काळा भरायचा.

हे सगळं गोदाघाटाच्या फोटोवर तपासू नये. घाटावरचं आकाशही आकाशीच, त्यात सुटलेली फट बेमालूम मिसळते आणि छापून आल्यावरच ओरडते. त्याऐवजी माणसाच्या खाली भडक राणी रंगाचा Solid Color लेयर टाकावा. राहिलेला आकाशी लगेच डोळ्यात खुपतो. शिवाय Alt दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक केलं की नुसता काळा-पांढरा मास्क दिसतो. तिथे प्रत्येक फट काळी हवी. चष्म्याची काडी आणि गाल यांच्यामधली, आणि बोटांमधली फट तिथेच सापडते.

इतकं झाल्यावर भाऊ स्वतः दुकानात येतात, स्क्रीनकडे पाहतात आणि म्हणतात, "खुर्ची काढून टाका हो. वाघ बसवा तिथं."