‘काही शंका असल्यास कळवा’ म्हणे!

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

आमच्याकडे क्वालिटी इंजिनिअरची जागा होती. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना, म्हणजे फार मोठा बडेजाव नाही. तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला एक मुलगा कऱ्हाडहून पहाटेची एसटी पकडून आला होता. चांगला होता. पण दुसरा जो होता, त्याने ग्राहकाची ऑडिट एकट्याने अंगावर घेतली होती, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. त्याला घेतलं.

कऱ्हाडच्या मुलाला नकार कळवायचं काम आमच्या नव्या एचआरच्या पोरीकडे गेलं. तिने काय पाठवलं? ‘तुमचा अनुभव आमच्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी वाटला, त्यामुळे सध्या आपण पुढे जात नाही आहोत. काही शंका असल्यास जरूर कळवा.’

आणि आज त्याचं उत्तर आलं. पानभर. कुठल्या कंपनीत पीपॅपच्या, म्हणजे ग्राहकाकडून सुटा भाग मंजूर करून घ्यायच्या, किती फायली केल्या, सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर किती काम केलं, सोबत प्रमाणपत्रं. शिवाय दुपारपासून फोन. पोरगी वैतागून मला म्हणते, ‘मॅडम, किती चिकट आहे हो हा!’

चिकट? अगं, तू त्याला बोलावलंस! ‘कमी वाटला’ लिहिलंस, तो ‘कमी नाहीये’ हे सिद्ध करणारच. ‘थोडा’ म्हणालीस, म्हणजे थोडक्यात हुकलं, जरा जोर लावला तर जमेल. ‘सध्या’ म्हणालीस, म्हणजे पुढच्या महिन्यात विचारायचं. आणि वर शंका विचारायचं आमंत्रण. त्याने वेगळं काय करायला हवं होतं?

आपल्याकडे नकार गुळमुळीत दिला की तो सभ्य वाटतो. सभ्य वाटतो तो देणाऱ्याला. घेणारा बिचारा त्या ओळींत फट शोधत बसतो.

मी तिला शेजारी बसवून लिहून दाखवलं: ‘नमस्कार. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, त्यामुळे तुमची निवड होऊ शकली नाही. तीन फेऱ्यांसाठी तुम्ही वेळ काढलात, शेवटच्या फेरीला कऱ्हाडहून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा.’ खाली माझं नाव. बास. निर्णय पहिल्याच वाक्यात, कारण मेल उघडणारा आधी तेच शोधतो. आणि कऱ्हाडचा उल्लेख मुद्दाम, म्हणजे हे पत्र यादीतल्या सगळ्यांना चिकटवलेलं नाही, त्यालाच लिहिलंय हे कळावं.

‘पण मॅडम, कारण नको का द्यायला?’

हो, माणसाला कारण हवं असतं, मान्य आहे. त्याने विचारलं तर एकदाच सांगावं, आणि तेही निवडलेल्या माणसाबद्दल: ‘ग्राहकाची ऑडिट स्वतंत्रपणे हाताळलेली व्यक्ती आम्हाला मिळाली.’ यावर वाद काय घालणार? ‘तुम्ही कमी पडलात’ म्हटलं की मात्र तो त्याच्या आयुष्याचा हिशोब मांडणार, आणि मांडावाच त्याने. तरीही पुन्हा मेल आला तर ‘तुमचं म्हणणं वाचलं, निर्णय अंतिम आहे’ एवढं एक उत्तर. त्यानंतर गप्प बसायचं. नवीन मुद्द्याला नवीन उत्तर दिलं की वाटाघाटी सुरू झाल्या.

फोन करावा का, यावर आमच्यात वाद आहे. मी म्हणते, मेल. फोनवर त्या माणसाला लगेच काहीतरी बोलावं लागतं, गळा दाटला तरी ‘इट्स ओके मॅडम’ म्हणावं लागतं. मेल तो एकटा वाचू शकतो.

संध्याकाळी मीच त्या मुलाला मेल केला. पहिल्या पत्रातल्या ‘अनुभव कमी’ या शब्दांबद्दल माफी, ऑडिटचं ते एक वाक्य, आणि निर्णय तोच. त्याचं उत्तर आलं, ‘स्पष्ट सांगितल्याबद्दल धन्यवाद मॅडम.’ राग ओसरला थोडा.

आता खरी गंमत. आमचे साहेब म्हणाले, ‘इतक्या घाईने नकार कशाला? निवडलेल्याचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे, तो आलाच नाही तर? याला होल्डवर ठेवा.’ साहेबांची भीती खोटी नाही, ऑफर घेऊन ऐनवेळी न येणारे पैशाला पासरी आहेत. पण म्हणून कऱ्हाडच्या मुलाने तीन महिने दुसरीकडे हो म्हणायचं नाही? जागा पुन्हा रिकामी झाली तर करू ना फोन, तेव्हा तो मोकळा असला तर येईल.

‘आणि तोवर दुसरीकडे लागला तर?’ साहेब विचारतात.

लागेल की!